कानांच्या पुढे नऊ इंच

म्हातारी उंबऱ्यातच बसायची. घराला दोन खोल्या होत्या, मागे पडवी होती, पुढे अंगण होतं. पण कोलंबी सोलायची ती उंबऱ्यात, जाळं सांधायची ती उंबऱ्यात, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवायची तीही तिथूनच. सकाळी मी कामावर निघायचो तेव्हा तिला ओलांडून जावं लागायचं. संध्याकाळी परत आलो की पुन्हा ओलांडून आत. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्या उंबऱ्याच्या बरोबर वर झालं.

नेरूळजवळ खाडीकाठच्या सारसोळे गावात मी तिचा भाडेकरू होतो. मागची पडवी माझी. मी परभणीकडचा, सहावीतून शाळा सुटली ती सुटलीच. नेरूळला तेव्हा जिकडं बघावं तिकडं इमारती उभ्या राहत होत्या आणि मी तिथं फिटर होतो. फिटर म्हणजे सळ्या कापायच्या, वाकवायच्या, तारेनं बांधायच्या. वय चोवीस. पाणी भरणाऱ्या गड्यापासून फिटरपर्यंत यायला मला सहा वर्षं लागली होती, आणि हे काम उद्या कुणीतरी काढून घेईल अशी भीती मला रोज वाटायची. म्हणून मी प्रत्येक माप तीनदा घ्यायचो. बाकीचे हसायचे. मापं घेऊनही चूक होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

म्हातारीचे माझ्यावर उपकार होते. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. गावाकडे कळवायला पत्ता होता, पण पत्र लिहायला हात उठत नव्हता. महिनाभर तिनं मला तांदळाची पेज पाजली. शेजारणीनं एकदा दारात येऊन माझं गाव, मग आडनाव, मग आणखी काय काय विचारायला सुरुवात केली. म्हातारी म्हणाली, "त्याला कावील जालीय. कावील काय जात विचारून आली?" शेजारीण गेली. म्हातारीनं मला पेज पाजली आणि वर ऐकवलं, "आता बरा हो लवकर. माजी पडवी काय दवाखाना नाय."

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास तिच्या मुलानं घर पक्कं करायचं ठरवलं. कुडाच्या भिंती काढून नऊ इंची विटांच्या भिंती, वर कौलं. एक गवंडी लावला. मुलगा मला म्हणाला, "फिटर, दारांवर नि खिडक्यांवर ती पट्टी घालतात ना सिमेंटची, ती तू घालशील? गवंडी बोलतो, लोखंडाचं त्याला जमत नाय."

ती पट्टी म्हणजे लिंटल. दारावर किंवा खिडकीवर भिंतीला भोक पडलेलं असतं. त्या भोकावरच्या विटा खाली येऊ नयेत म्हणून आडवी काँक्रीटची पट्टी घालतात. मी आठवड्याला वीस-पंचवीस लिंटलं बांधत होतो. मी इतक्या जोरात हो म्हटलं, की मुलगा एक पाऊल मागं सरकला.

लिंटलचं शास्त्र मला आमच्या साहेबांनी शिकवलं होतं. साहेब म्हणजे साईटवरचे ओव्हरसियर, रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे, सदा पान खाणारे. शिकवलं ते माझ्याच चपलेवर. मी नवा असताना एकदा जाड सळ्या वर आणि बारीक खाली बांधल्या होत्या. साहेबांनी मला रबरी चप्पल काढायला लावली, ब्लेडनं तिच्या तळाला चार चिरा दिल्या, दोन विटांवर आडवी ठेवली आणि मध्ये बोटानं दाबली. खालच्या चिरा तोंडं उघडून बसल्या. "बघ," साहेब म्हणाले, "खालून फाटतं. काँक्रीट दाबलेलं सोसतं, ताणलेलं सोसत नाही. म्हणून जाड लोखंड खाली. वरच्या दोन बारीक सळ्या नुसत्या भोवतीच्या तारेच्या रिंगा धरायला." ती चप्पल मी पुढे वर्षभर घातली. चालताना तळाच्या चिरा उघडत-मिटत असायच्या, त्यामुळे धडा विसरायची सोय नव्हती.

आणि दुसरा धडा टेकूचा. भोक जेवढं असेल त्याच्यापेक्षा लिंटल दोन्हीकडे किमान सहा इंच भिंतीत जायला हवं. एकीकडे नऊ आणि एकीकडे तीन घालून सरासरी सहा काढणाऱ्या माणसांना साहेब फार वाईट बोलायचे.

म्हातारीच्या खिडक्या सोप्या होत्या. तीन फुटी खिडकी, चार फुटी लिंटल. प्रश्न पुढच्या दाराचा होता, कारण दाराला जुनी चौकट होती.

ती सागवानी चौकट म्हातारीच्या सासऱ्यानं उरणकडून होडीत घालून आणली होती. आतून रुंदी तीन फूट, बाजूचे खांब सहा सहा इंच, म्हणजे बाहेरून बाहेर चार फूट. पण वरचं लाकूड चार फुटांवर थांबत नव्हतं. दोन्हीकडे ते खांबांच्या पुढे आणखी सहा सहा इंच गेलेलं होतं, भिंतीत रुतून बसायला. या निघालेल्या टोकांना सगळे कान म्हणायचे. म्हातारी सणाला त्या कानांना तेल-हळद लावायची, आपल्या माणसाचे कान चोळावेत तशी. गवंडी म्हणाला, कान कापून टाकू, चौकट सोपी बसेल. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. "आदी तुजं काप," ती म्हणाली, "मग बगू." कान राहिले.

मी माप घेतलं. तीनदा. चौकट बाहेरून चार फूट, म्हणजे भोक चार फूट. दोन्हीकडे सहा सहा इंच टेकू. लिंटल पाच फूट. खाली दहा मिलिमीटरच्या तीन सळ्या, दोन्ही टोकांना हूक वळवलेले. वर आठच्या दोन. सहा सहा इंचांवर रिंगा. सळीच्या खाली एक इंच काँक्रीट राहावं म्हणून सिमेंट-रेतीच्या मसाल्याच्या वड्या पाडून सळीखाली ठेवल्या. एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार खडी. रेती खाडीची नको म्हणून मी हटून बसलो, मुलानं ती नदीची मागवली आणि वर म्हणाला, "आमच्या खाडीचे मासे चालतात, रेती चालत नाय." खाली वेगळी फळी कशाला, चौकटच आहे, तिच्यावरच ओतलं.

बाजूच्या फळ्या काढल्या तेव्हा गल्लीतली दहा-बारा माणसं बघायला आली. लिंटल झकास झालं होतं. कुठं पोकळी नाही, कडा तासल्यासारख्या. आणि सगळ्यात देखणी गोष्ट अशी की खालचं सागवान पाच फूट आणि वरचं काँक्रीटही पाच फूट. टोकाला टोक जुळलेलं, जसं पेटीला झाकण. गवंडीसुद्धा बोट फिरवून म्हणाला, "याला म्हणतात काम." म्हातारीनं त्या संध्याकाळी माझ्या ताटात बोंबलाचे दोन तुकडे जास्त वाढले. परभणीकडच्या माणसाला बोंबील आवडायला दोन वर्षं लागतात. मला लागली होती.

गवंड्यानं लिंटलवर विटांचे तीन थर चढवले. पुढच्या रविवारी वासे टाकायचे आणि कौलं घालायची, असं ठरलं. मे संपत आला होता.

चारेक दिवसांनी साईटवर साहेबांनी सहज विचारलं, "काय रे, तुझ्या म्हातारीचं घर कुठपर्यंत आलं?"

"पुढच्या दाराचं लिंटल झालं साहेब. एकदम फिट बसलं. चौकटीचे कान आणि लिंटल, टोकाला टोक."

साहेबांचं पान चघळणं थांबलं.

"कान कुठवर आहेत?"

"सहा इंच साहेब. दोन्हीकडं."

"आणि लिंटल भिंतीत किती गेलं?"

"सहा इंच साहेब. दोन्हीकडं."

"चौकटीचं लाकूड भिंतीच्या जाडीत किती?"

"आठ इंच."

"भिंत नऊ."

"होय साहेब."

साहेबांनी पिंक टाकली. "मग ते टेकलं कशावर?"

सहा इंच टेकू होता, पण त्या सहा इंचांत वीट नव्हती, कान होता. जिथं लिंटल भिंतीवर बसायचं तिथं बरोबर तेवढ्याच लांबीचं लाकूड होतं. टोकाला टोक. विटेवर माझं लिंटल जेमतेम एका इंचाच्या पट्टीनं बसलं होतं, तेही बसलं असलं तर.

"अरे, चौकट ही भिंतीची पाहुणी," साहेब म्हणाले. "पाहुण्याच्या डोक्यावर माळा ठेवतात काय? लाकूड सुकतं, आखडतं, वाळवी लागते, कधीतरी कुणीतरी काढतं. ते गेलं की तुझं लिंटल कुठं उभं राहणार?"

"पण साग आहे साहेब. जुना साग."

"साग आहे म्हणून मी पन्नास वर्षं म्हणतो. साधं लाकूड असतं तर दहा म्हटलं असतं." मग त्यांनी विचारलं, "त्या दारात वर्दळ असते का फार?"

मी म्हणालो, "म्हातारी बसते."

"किती वेळ?"

"दिवसभर."

साहेबांनी विटेच्या तुकड्यानं गिलाव्यावर आकृती काढली. कान धरून मोकळं अंतर पाच फूट धरायचं. कान उद्या नसतील असंच समजायचं. त्याच्या पुढे टेकू. सहा इंच पुरेल, पण गावठी विटा, नवी भिंत, नऊच घे. म्हणजे साडेसहा फूट. अंतर वाढलं म्हणून खाली बारा मिलिमीटरच्या तीन. "आणि चौकटीवर ओतू नकोस. मध्ये अर्धा इंच फट ठेव. पाहुण्याला हात लावायचा नाही."

सारसोळ्याला चालत यायला मला वीस मिनिटं लागायची. त्या दिवशी जास्त लागली. मी वाक्यं जुळवत होतो. कुणालाच माहीत नव्हतं. गवंडी खूश, मुलगा खूश, गल्ली खूश. पन्नास वर्षांनी म्हातारी नसणार, मीही बहुधा नसेन. हा हिशेब मी रस्त्यात दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो बरोबर आला. घराजवळ आलो तर ती उंबऱ्यात बसून सुकवलेल्या सोड्यांतली बारीक कोलंबी निवडत होती. तिच्या डोक्यावर पाच फूट काँक्रीट आणि विटांचे तीन थर, खाली दोन लाकडी कान.

"मावशी," मी म्हणालो, "जरा आत बसा."

"कनाला? काय जालं?"

"लिंटल चुकलं."

तिनं वर पाहिलं. मुलगा आतून आला. त्यानंही वर पाहिलं. लिंटल अगदी छान दिसत होतं.

मी सगळं सांगितलं. सांगताना मला पडवीतली माझी ट्रंक दिसत होती; ती उचलून आता कुठं जायचं ते ठरवत होतो. मुलगा म्हणाला, "फिटर, आमचं घर हाय का तुजी शाला? रविवारी वासे टाकायचेत. पाऊस काय तुज्या साहेबाला विचारून येतो?" त्यानं घण उचलून भिंतीत उघड्या दिसणाऱ्या कानावर दाणकन मारला. कान टणक. घण उडाला. "बग! लोखंड हाय हे. वालवीचा बाप नाय खानार."

कान खरंच टणक होता. मी म्हणालो, "आज टणक आहे."

म्हातारी कोलंबी निवडतच होती. तिनं विचारलं, "किती दिस?"

"फोडायला एक. ओतल्यावर सात दिवस पाणी मारून ठेवायचं, मगच वर भिंत. वासे रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी."

"सिमिट?"

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. घरात एकच गोणी उरली होती, आणि ती ओट्यासाठी ठेवली होती. दारापुढे बसायला गुळगुळीत ओटा, ही म्हातारीची घर बांधण्यातली एकुलती मागणी होती. बाकी घर मुलाचं, ओटा तिचा.

"अर्धी गोणी पट्टीला," मी म्हणालो. "उरलेली वरच्या विटा परत बसवायला."

ती सूप उचलून उठली. "ओटा मातीचा करू," ती मुलाला म्हणाली. "फोर म्हनावं त्याला." आणि माझ्याकडे वळून, "आदीच नीट केलं असतंस तर? बोंबील खाल्लेस ते खाल्लेस."

मी सुटीच्या दिवशी लिंटल फोडलं. फोडायला दुपारचे चार वाजले, कारण मी ते फार चांगलं केलं होतं. छिन्नी लागत नव्हती. गल्लीतली तीच दहा-बारा माणसं परत आली आणि प्रत्येकानं तेच विचारलं, एवढी चांगली पट्टी का फोडतोस? एक म्हातारा खांद्यावर टॉवेल टाकून दोन तास उभा होता. जाताना म्हणाला, "काम पक्कं हाय तुजं. फुटत नाय." स्वतःच्या कामाची एवढी तारीफ मी पुन्हा कधी ऐकली नाही.

मग दोन्हीकडे कानांच्या पुढे नऊ नऊ इंच भिंत कापली, थर एका पातळीत आणला, कानांपेक्षा अर्धा इंच उंच. चौकटीच्या डोक्यावर, कानांसकट, अर्धा इंच कोरडी रेती पसरली, तिच्यावर डांबरी कागद. म्हणजे काँक्रीट विटेवर बसेल आणि लाकडावर नुसतं तरंगेल. बाराच्या तीन सळ्या, हूक, रिंगा, वड्या. साहेब संध्याकाळी स्वतः येऊन उभे राहिले. त्यांनी टेप लावून दोन्ही टेकू मोजले, नऊ आणि नऊ. "ओत," म्हणाले. म्हातारीनं त्यांना खुर्ची दिली. साहेब बसले नाहीत. खुर्ची उंबऱ्यात ठेवली होती.

सात दिवस मी लिंटलवर ओली गोणपाटं टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. दुपारचं पाणी म्हातारी मारायची, कारण मी कामावर असायचो. त्या सात दिवसांत ती उंबऱ्यात बसली नाही. मी सांगितलं म्हणून नव्हे. "टपटप गलतंय वरून," असं ती म्हणायची. अंगणात चटईवर बसायची आणि तिथून तिला गल्लीचं एकच टोक दिसायचं, त्यामुळे त्या आठवड्यात गावातली निम्मी माणसं वाचली.

आठव्या दिवशी मी वाकवलेल्या सळीनं कागदाखालची रेती खरवडून काढली. फटीतून आरपार उजेड दिसला. तो उजेड मी डोळा लावून दोन्हीकडून बघितला. मुलगा म्हणाला, "आता यातून मुंग्या येतील." फटीत मऊ चुना भरला. वासे चढले, कौलं बसली. नवं लिंटल जुन्यासारखं सुरेख दिसत नव्हतं. चौकटीपेक्षा दोन्हीकडे नऊ इंच बाहेर, मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखं. गवंड्यानं बोट फिरवलं नाही.

तेव्हापासून चपला बाहेर काढता काढता मी कुणाच्याही दाराची वरची पट्टी बघतो आणि मनात माप घेतो. लोकांना वाटतं, मी त्यांच्या तोरणाकडे बघतोय.

पडवीत मी आणखी दोन वर्षं राहिलो. मग खांदेश्वरकडे कामं निघाली आणि मी तिकडं राहायला गेलो. जाताना म्हातारीनं सुक्या बोंबलांची पिशवी दिली.

पन्नास वर्षं वगैरे काही लागली नाहीत. ऐंशीचं दशक संपता संपता मी सारसोळ्याला गेलो तेव्हा घरापुढं टेम्पो उभा होता. मुलानं तीन फुटांची जुनी चौकट काढून मोठं, दोन झडपांचं दार बसवायचं ठरवलं होतं. घरात फ्रीज येणार होता आणि तो आत जात नव्हता. जुन्या लाकडाचा व्यापारी आला होता. साग अजूनही लोखंडासारखाच होता, म्हणूनच तो आला होता. चार माणसांनी दोन्ही कानांभोवतीच्या विटा खरवडल्या, चौकट हलवली आणि अख्खी बाहेर ओढली. मी लिंटलकडे बघत होतो. माझे हात आपोआप वर गेले होते, ते मला नंतर कळलं. धरणार काय होतो, कोण जाणे.

वरून थोडा चुना पडला. बाकी काही नाही. लिंटल होतं तिथंच होतं, खाली पाच फूट मोकळं, दोन्हीकडे नऊ नऊ इंच विटेत. मुलानं वर पाहिलंसुद्धा नाही. तो फ्रीजचं माप घेत होता.

म्हातारी मातीच्या ओट्यावर बसली होती. सिमेंटचा ओटा कधी झालाच नव्हता. दरवर्षी काहीतरी दुसरं निघायचं. तिला आता कमी दिसायचं. माणसांनी टेम्पोत चौकट चढवली तेव्हा ती उठली, चाचपत गेली आणि दोन्ही कानांना हात लावून आली. मग मला म्हणाली, "फिटर, ती पट्टी ऱ्हायली का वर?"

"राहिली मावशी."

"बग जरा नीट."

मी पट्टीखाली जाऊन नीट बघितलं. तीनदा. मग तिला हाताला धरून आणलं. तिचा उंबरा चौकटीबरोबर गेला होता, पण ती बरोबर त्याच जागी, उघड्या भोकाच्या मधोमध बसली, आणि म्हणाली, कोलंबी आण आतली.